मदत हवी आहे: मिनिमम ड्यू भरूनसुद्धा कार्डाचं बिल वाढलं कसं?

तन्वी_ऐरोली
क्रेडिट कार्डाचं बिल होतं ६०,०००. मिनिमम ड्यू ३,०००, ते मी ड्यू डेटलाच भरले, म्हणजे ५७,००० राहायला हवेत ना, आणि आज स्टेटमेंट आलंय ६५,५७४ चं!! कस्टमर केअरवाले "फायनान्स चार्जेस लागलेत मॅडम" एवढंच बोलतात. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, ५७,००० वर ते दोन हजारसुद्धा होत नाही. मग बाकीचे आले कुठून? प्लीज लवकर सांगा, तक्रार टाकायची आहे.

पक्या_घोडबंदर
लेट फी असणार. मला लावलेली, फोनवर भांडलो तर परत दिली. ड्यू डेट उलटून तीन दिवस होईपर्यंत लेट फी लावताच येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सोडू नका.

तन्वी_ऐरोली
अहो वेळेवर भरलेत, लेट फी नाहीचे बिलात.

नेरुळकर_काका
तन्वीताई, तीन गोष्टी सांगा. ६०,००० ची खरेदी कुठल्या तारखेची, स्टेटमेंट आणि ड्यू डेट कधी, आणि मधे कार्ड अजून कुठे वापरलंत का?

सुजित_कळवा
काका एवढं काही नाही त्यात. मिनिमम भरलं की सिबिलला थकबाकी लागत नाही आणि उरलेल्या रकमेवर ड्यू डेटपासून व्याज लागतं. बँकेनेच चुकवलंय, सरळ तक्रार टाका.

तन्वी_ऐरोली
एसी घेतला २० मेला, पूर्ण ६०,००० चा. स्टेटमेंट १२ तारखेला, ड्यू डेट २ जुलै. आणि हो, २५ जूनला किराणा ४,२०० चा, पण तो नवीन खर्च आहे, त्याचं बिल तर आत्ता आलं.

नेरुळकर_काका
आता हिशोब लागतो. मी बरीच वर्षं बँकेच्या कार्ड विभागात होतो. सुजित, थकबाकीचं बरोबर, पण व्याज ड्यू डेटपासून नाही लागत. पूर्ण बिल भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते, एक रुपया जरी मागे राहिला तरी ती मुदत रद्द होते आणि व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून मोजतात.

साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, ६०,००० वर रोजचे ६९ रुपये. २० मे ते २ जुलै ४३ दिवस, झाले २,९६९. पुढे १२ जुलैपर्यंत ५७,००० वर १० दिवसांचे ६५६. किराण्यालाही बिनव्याजी मुदत मिळाली नाही कारण मागची बाकी होती, त्याचे १७ दिवसांचे ८२. एकूण व्याज ३,७०७, वर १८ टक्के जीएसटी ६६७. आता ५७,००० + ४,२०० + ३,७०७ + ६६७ करून बघा.

तन्वी_ऐरोली
६५,५७४. अगदी तेवढंच. म्हणजे मी भरलेले ३,००० गेले कुठे??

नेरुळकर_काका
व्याज आणि जीएसटी मिळून ४,३७४ झाले, म्हणजे तुमच्या ३,००० पेक्षा जास्त. पुढच्या महिन्यापासून मागचे दिवस मोजले जाणार नाहीत, तरी एवढ्या बाकीवर व्याज आणि जीएसटी धरून अडीच हजारांच्या वर जातील. मिनिमम साधारण ५ टक्के धरलं तर त्यातून बाकी पाचसहाशेनेच कमी होईल, तीही कार्ड अजिबात वापरलं नाही तर.

मीनल_खारघर
पर्सनल लोन घ्या आणि आजच्या आज कार्ड क्लिअर करा! मी तेच केलं, व्याज निम्म्याहून कमी पडलं.

सुजित_कळवा
लोन कशाला, बँकेलाच सांगून बाकी ईएमआयवर करून घ्या ना, कागदपत्रंसुद्धा लागत नाहीत.

मीनल_खारघर
ईएमआयच्या व्याजावर पण जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय एकदा मिनिमम भरलेली बाकी सगळ्या बँका बदलून देतातच असं नाही.

पक्या_घोडबंदर
एसी कुठला घेतलात? मला पण घ्यायचाय, आमच्याकडे दुपारी बसवत नाही घरात.

नेरुळकर_काका
लोन की ईएमआय ते दोन्हीकडचा एकूण खर्च लिहून घेऊन ठरवा. पण आत्ता हातात जे पैसे असतील ते ड्यू डेटची वाट न बघता भरा, व्याज रोजचं आहे. किराणा डेबिट कार्डावर न्या. आणि सगळे ६५,५७४ भरले तरी पुढच्या बिलात १२ जुलैपासून भरल्या दिवसापर्यंतचं व्याज दिसेल, तेही लगेच भरा, नाहीतर थोडक्या रकमेसाठी बिनव्याजी मुदत पुन्हा जाईल.

तन्वी_ऐरोली
२०,००० आजच भरते. ईएमआयचं बँकेत विचारते, पण ते फोनवर फक्त महिन्याचा हप्ता सांगतात, एकूण किती जाणार ते सांगतच नाहीत. नेमकं काय विचारू त्यांना?