शब्दचर्चा : सर्व्हरच्या रेषालेखातील ‘बेसलाइन’ आणि ‘स्पाइक’ यांना मराठीत काय म्हणावे?

टिपणवही

आमच्या कार्यालयात रात्रपाळीला सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी मी एक मराठी टिपण लिहीत आहे. ग्राफानाच्या पडद्यावरचे रेषालेख कसे वाचावेत, एवढाच त्याचा विषय आहे. ‘बेसलाइन’साठी मी ‘आधाररेषा’ आणि ‘स्पाइक’साठी ‘शिखर’ हे शब्द योजले होते, परंतु पहिल्याच वाचनात दोघांनी ‘आधाररेषा’ म्हणजे आलेखाच्या तळाशी असलेली आडवी रेघ असा अर्थ घेतला.

हे शब्द कुठे अपुरे पडतात ते एका उदाहरणावरून सांगतो. आमच्या सर्व्हरला प्रतिसाद द्यायला लागणारा सरासरी वेळ एरवी ११८ ते १२४ मिलिसेकंदांच्या दरम्यान असतो. एका रात्री तो १३१ झाला. आलेखाचा उभा अक्ष ११५ पासून सुरू होऊन १३२ वर संपत असल्यामुळे रेघ खालच्या भागातून थेट छताला टेकलेली दिसली. पाळीवरच्या सहकाऱ्याने ‘मोठे शिखर आले आहे’ असे कळवून वरिष्ठांना मध्यरात्री उठवले. शब्द बदलल्याने हा गोंधळ टळेल, की शब्दांसोबत आणखी काही समजावून सांगावे लागेल?

मोजणीदार

‘आधाररेषा’ हा भूमापनातला जुना आणि रुळलेला शब्द आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी जी आधाररेषा मोजली, तिच्यावर पुढची त्रिकोणांची मोजणी उभी राहिली. अशी रेषा एकदा अत्यंत काटेकोरपणे मोजायची आणि मग तिला हात लावायचा नाही, हेच तिचे मर्म आहे. त्यामुळे शब्द बदलण्याऐवजी तुम्ही १२० मिलिसेकंद ही आधाररेषा एकदाची ठरवून द्यावी आणि सर्वांनी तिच्यावरूनच मोजावे, असे मला वाटते.

पहारेकरी

मोजणीदार, तुमच्या क्षेत्रात हा शब्द अगदी नेमका आहे आणि म्हणूनच तो इथे अडचणीचा ठरतो. सर्व्हरच्या आलेखातली ‘बेसलाइन’ स्थिर नसते, ती दिवसाच्या तासाप्रमाणे आणि आठवड्याच्या वाराप्रमाणे हलते. सोमवारी सकाळी ११ वाजता सेकंदाला ३०० मागण्या येणे हा एखाद्या कार्यालयीन प्रणालीचा रोजचा व्यवहार असेल, पण तितक्याच मागण्या रविवारी पहाटे ३ वाजता आल्या तर कोणीतरी उठून पाहायलाच हवे. दोन्ही वेळा आकडा एकच असतो, अर्थ मात्र वेगळा निघतो. म्हणून माझी पसंती ‘नेहमीची पातळी’ या साध्या शब्दांना आहे. ते ऐकल्यावर ‘नेहमीची म्हणजे कधीची?’ हा प्रश्न आपोआप मनात येतो आणि आलेख वाचताना तोच प्रश्न पडायला हवा.

ही पातळी डोळ्यांपुढे ठेवण्याची सोपी रीत म्हणजे आजच्या रेघेमागे मागच्या आठवड्यातील त्याच वाराची रेघ फिक्या रंगात काढणे. तुम्ही आकडे प्रोमिथियसमधून घेत असाल तर सरासरी वेळेसाठी ती अशी मिळते :

```
sum(rate(http_request_duration_seconds_sum[5m] offset 1w))
/
sum(rate(http_request_duration_seconds_count[5m] offset 1w))
```

यालाही मर्यादा आहे. मागच्या सोमवारी सुट्टी असेल किंवा त्या दिवशी यंत्रणाच बंद पडली असेल, तर तुलनेचा आधारच चुकीचा ठरतो. दोन-तीन आठवडे मागच्या रेघाही सोबत काढल्या की त्यातली कोणती रेघ वेगळी वागते आहे ते लगेच कळते.

सरळमार्गी

माझ्या मते इथे शब्दांचा दोष नसून अक्षाचा आहे. उभा अक्ष शून्यापासून सुरू न करणे ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. ग्राफानात `Min` या जागी शून्य लिहिले असते तर १२० वरून १३१ पर्यंतची हालचाल जेमतेम दिसली असती आणि कोणाची झोपमोड झाली नसती. टिपणात एकच नियम लिहावा : प्रत्येक आलेख शून्यापासून.

पहारेकरी

स्तंभालेखाच्या बाबतीत तुमचा नियम जवळजवळ अपवाद न करता पाळावा, कारण तिथे आपण स्तंभाची लांबी पाहतो आणि खालचा भाग कापला की लांबीचे प्रमाणच बिघडते. रेषालेखात आपण रेघेची जागा आणि तिचा उतार पाहतो, त्यामुळे तिथे हा नियम कधी मदत करतो आणि कधी घात करतो.

समजा, यशस्वी प्रतिसादांचे प्रमाण ९९.९५ टक्क्यांवरून ९९.२ टक्क्यांवर आले. शून्य ते शंभरच्या अक्षावर ही रेघ सरळ आडवी दिसेल आणि पाहणारा निश्चिंत राहील. प्रत्यक्षात दर दहा हजार मागण्यांमागे आधी ५ अयशस्वी होत होत्या आणि आता ८० होत आहेत, म्हणजे बिघाड सोळापट झाला आहे. अशा वेळी मी यशाऐवजी अपयशाचे प्रमाण काढतो. त्याचा अक्ष खुशाल शून्यापासून ठेवता येतो आणि ०.०५ वरून ०.८ वर जाणारी रेघ आपले म्हणणे नीट मांडते.

तेव्हा टिपणात शून्याचा नियम लिहिण्याऐवजी वाचण्याचा क्रम लिहावा असे सुचवतो. आधी उभ्या अक्षावरचे सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे आकडे वाचावेत आणि त्यानंतरच रेघेकडे पाहावे. आपण सीमा ठरवून दिल्या नाहीत, तर ग्राफाना पडद्यावर असलेल्या आकड्यांवरून स्वतःच त्या ठरवतो. त्यामुळे शांत रात्रीची किरकोळ हालचालही पूर्ण उंची भरून डोंगरासारखी दिसते, आणि त्याच आलेखात एक खरी मोठी उसळी आली की बाकीचा सगळा दिवस तळाशी चपटा होतो.

टिपणवही, मला एक माहिती हवी आहे. १३१ वर गेलेली रेघ नंतर खाली आली का?

घाटवाट

मध्येच माझी अडचण मांडते, विषय जवळचा आहे म्हणून. आमच्याकडे पहाटे २ वाजता बॅकअप सुरू होतो आणि त्या वेळी प्रतिसादाचा वेळ ९०० मिलिसेकंदांपर्यंत चढतो, असे सहा तासांच्या आलेखात दिसते. तोच आलेख महिनाभराचा केला की १७०च्या आसपास एक छोटीशी सुरकुती उरते. वरिष्ठ महिन्याचा आलेख पाहतात आणि मी अतिशयोक्ती करते असे म्हणतात. दोन्ही आलेख एकाच साठ्यातून येतात, मग खरा कोणता?

पहारेकरी

दोन्ही आपापल्या परीने खरे आहेत, फक्त दोघांचा एकेक बिंदू वेगवेगळ्या कालावधीचा आहे. महिनाभराचे सगळे बिंदू पडद्याच्या रुंदीत मावत नाहीत, म्हणून दोन बिंदूंमधले अंतर वाढवले जाते. नेहमीची पातळी १२० आणि ती दोन मिनिटे ९०० वर गेली, असे धरा. पाच मिनिटांच्या सरासरीत तिची उंची ४३२ उरते. तीस मिनिटांची सरासरी घेतली, तर दोन मिनिटे ९०० आणि अठ्ठावीस मिनिटे १२० मिळून ती १७२ होते. तुमची सुरकुती ती हीच. हा हिशेब मागण्या सर्व वेळ सारख्याच येत आहेत असे मानून केला आहे. पहाटे त्या कमी-जास्त झाल्या तर आकडा थोडा हलेल.

याहून घातक प्रकार म्हणजे उसळी साफ नाहीशी होणे. आकडे मागवणाऱ्या क्वेरीत `[5m]` असे पक्के लिहिलेले असेल आणि बिंदू मात्र दर तीस मिनिटांनी काढला जात असेल, तर प्रत्येक बिंदूला फक्त आधीची पाच मिनिटे दिसतात आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत काय घडले त्याची आलेखाला खबरच नसते. पडदा ताजा केल्यावर उसळी कधी दिसते आणि कधी दिसत नाही, असे होत असेल तर कारण बहुधा हेच असते. त्याजागी `$__rate_interval` वापरले की सरासरीचा कालावधी बिंदूंमधल्या अंतराबरोबर रुंदावतो आणि उसळी निदान सरासरीत तरी उरते. वरिष्ठांना दाखवायच्या महिन्याच्या आलेखात सरासरीसोबत त्या त्या कालावधीतला कमाल आकडा `max_over_time` ने काढून दुसरी रेघ द्यावी, म्हणजे वाद राहणार नाही.

टिपणवही

पहारेकरी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पुन्हा तो आलेख उघडला. रेघ खाली आलेली नाही. त्या रात्रीपासून ती १२९ ते १३३ यांच्यामध्येच आहे. आदल्या संध्याकाळी प्रणालीची नवी आवृत्ती चढवली होती, हेही आता नोंदीत सापडले.

पहारेकरी

मग त्याला ‘शिखर’ म्हणता येणार नाही आणि ‘उसळी’ही म्हणता येणार नाही. उसळी वर जाते आणि परत येते. तुमच्या आलेखात पायरी पडली आहे : रेघ एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर गेली आणि तिथेच राहिली. या दोन्हींची कारणे सहसा वेगळी असतात. उसळी आली तर त्या क्षणी काय चालले होते ते पाहावे : बॅकअप, ठरावीक वेळी चालणारे काम, मागण्यांची अचानक झालेली गर्दी. पायरी पडली तर त्याच्या आधी काय बदलले ते पाहावे. नवी आवृत्ती, बदललेली मांडणी, काढून टाकलेला कॅश, असे काहीतरी तिच्यामागे बहुधा निघते. म्हणून ‘शिखर’ हा शब्द सोडा आणि ‘उसळी’ व ‘पायरी’ असे दोन शब्द ठेवा.

सरळमार्गी, याच आलेखाचा अक्ष शून्यापासून असता तर ही पायरी आपल्याला दिसली नसती. फुगवलेल्या अक्षामुळे सहकारी नको तितका घाबरला हे खरे, पण काहीतरी बदलले आहे हे त्याने बरोबर टिपले होते. एरवीची रेघ सहा मिलिसेकंदांच्या पट्ट्यात फिरत होती आणि नवी पातळी त्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर आहे. हालचाल मोठी की छोटी, हे पडद्यावरच्या उंचीवरून न ठरवता नेहमीच्या चढउताराशी ताडून ठरवावे. मध्यरात्री कोणाला उठवण्याइतकी ती मोठी नव्हती, सकाळच्या कामात मात्र ती तपासायला हवी होती.

सरळमार्गी

हे मला पटले, पण पूर्ण नाही. रात्रपाळीच्या माणसाला पट्टा आणि पातळी ताडून पाहायला वेळ नसतो. त्याच्यासाठी अक्ष ठरलेला असावा, नाहीतर रोज त्याच आलेखाचे रूप बदलत राहील.

पहारेकरी

ही अडचण खरी आहे. ग्राफानातील `Soft min` आणि `Soft max` तिच्यासाठीच उपयोगी पडतात. तिथे ० आणि ३०० दिले की शांत दिवशी अक्ष तेवढाच राहतो आणि रेघ ३००च्या वर गेली तरच तो वाढतो. पक्का `Max` दिला तर त्याच्या वरचा भाग कापला जातो, त्यामुळे तो टाळावा. मात्र अशा अक्षावर टिपणवहीच्या आलेखातली अकरा मिलिसेकंदांची पायरी पुन्हा लपेल, हे मान्य करूनच तो निवडावा लागेल. मी दोन आलेख ठेवतो, पण लहान पडद्यावर ते जमत नाही.

टिपणवही

‘नेहमीची पातळी’, ‘उसळी’ आणि ‘पायरी’ हे तीन शब्द मी घेत आहे. रेघ अचानक खाली जाते तेव्हा ‘खड्डा’ लिहावे का?

घाटवाट

‘खड्डा’ सगळ्यांना कळेल. आमच्याकडे तोच म्हणतात.

पहारेकरी

मागण्या खरोखर शून्यावर आल्या तर जरूर ‘खड्डा’ म्हणावे. मोजणी करणारा प्रोग्रामच थांबला तर आकडा शून्य नसतो, तो नसतोच, आणि तिथे रेघ तुटायला हवी. `Connect null values` हा पर्याय `Always` वर असेल, तर ग्राफाना दोन टोके जोडून टाकतो आणि तासभराची गैरहजेरी सरळ रेघेसारखी दिसते. तो `Never` वर ठेवावा. या तुटीसाठी वेगळा शब्द हवा. मी ‘तूट’ म्हणून पाहिले, पण लोकांना अंदाजपत्रक आठवते.

मोजणीदार

आमच्या नोंदवहीत अशा जागी ‘मोजणी झाली नाही’ असे पूर्ण वाक्य लिहीत असत. एका शब्दाचा आग्रह कशाला?