कलम 50 आणि एक मार्क

“सत्ताविभाजनावर एका मार्काला नेमकं काय लिहायचं?”

एकच वाक्य, पण कोण कोणापासून वेगळं हे त्यात आलंच पाहिजे. माझ्या शिकवणीतली पोरं राज्यघटनेचं कलम 50 दिसलं की ‘तिन्ही अंगं वेगळी’ असं ठोकून देतात, अन् मार्क जातो. ते कलम फक्त न्यायव्यवस्था कार्यकारी मंडळापासून वेगळी करायला सांगते. कार्यकारी मंडळातले मंत्री तर विधिमंडळातच बसतात, मग तिन्ही पुरती वेगळी कशी?

मी तालुक्याचं उदाहरण देतो. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतो, पण चोरीचा खटला चालतो न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभं राहिलेल्या पोराले हे लगेच समजते.

‘कायदा घटनाबाह्य कोण ठरवते?’ आलं, तर नुसतं ‘न्यायालय’ नको, ‘सर्वोच्च व उच्च न्यायालय’ लिहा.