मदत हवी आहे: एकच घोषणा लिंक्डइन, इन्स्टा आन एक्सवर कशी बसवू?

राम राम मंडळी, रावेरजवळ आमच्या शेतकरी गटाचं केळी वेफर्सचं युनिट सुरू होतंय, उद्घाटनाची एकच घोषणा तीन ठिकाणी टाकायचीय. लिंक्डइनचं जमलं, तिथं पहिल्या दोन ओळीतच "होलसेलर हवेत" लिहिलं कारण पुढचं सगळं घडीत दडतं. इन्स्टावर कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही म्हणून ती बायोत टाकली, तारीख-पत्ता फोटोवरच.

अडलंय एक्सवर. फुकटचं खातं, मर्यादा 280, पण मराठीत काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतात भो, 'केळी' दिसायला दोन अक्षरं पण धरतात चार, आणि लिंक कितीही बारीक केली तरी तिचे 23 जातातच. माझा मजकूर 341 भरतोय. गटाचं नाव, तारीख, ठिकाण, लिंक पाहिजेच, आणि इंग्रजीत करायचं नाही, वाचणारे गावातलेच. मागच्या मेळाव्याला दोन पोस्टची साखळी केली होती तर लोकांनी पहिलीच पुढं पाठवली, तारीख दुसरीत राहून गेली.

मग आता पत्ता फोटोत टाकून मजकुरात फक्त नाव, तारीख, गाव आन लिंक ठेवू, की साखळीच करून तारीख पहिलीत आणू?