'उलट' की 'माघारी'? पाटीच्या फोटोतलं पोट काढण्याला काय म्हणावं

शहापूर, बेळगाव (फ्लेक्स डिझाइन): खानापुरातल्या एका किराणा दुकानाच्या पाटीचं काम आलंय. 2024च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या अर्ध्या भागात. पेंटरला पैसे देण्याआधी नवी पाटी दुकानावर कशी दिसेल, ते मालकांना फोटोत बघायचंय. रस्ता अरुंद, म्हणून फोटो वाइड लेन्सने काढला, आणि पाटीची वरची कड धनुष्यासारखी उचलली. तिच्यावर सरळ अक्षरं ठेवली की वरून चिकटवल्यासारखी दिसतात. म्हणून आधी फोटो सरळ करतो, मजकूर बसवतो आणि तोच बाक परत आणतो. या दोन कामांना काय म्हणावं? मी 'विकृती काढणे' आणि 'उलट विकृती' लिहिलं होतं, पण जोडीदाराला कळलं नाही.

निपाणी (निवृत्त शिक्षक): भौतिकशास्त्रात 'विरूपण' म्हणतात. म्हणून 'विरूपण-निरसन' आणि 'पुनर्विरूपण'. उंच इमारत खालून टिपली की वर निमुळती दिसते, तेही विरूपणच. दोन्हींना एकच शब्द पुरेल.

टिळकवाडी: सर, शब्द चांगला आहे, पण निमुळती इमारत यात नको. तिथे रेषा तिरकी होते, वाकत नाही. लेन्समुळे रेषाच वाकते. पडद्यावर पाटीच्या कडेला पट्टी लावा: दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली, तर दोष लेन्सचा. आधी बाक काढायचा, मग तिरकेपणा. क्रम उलटला तर हिशेब चुकतो, कारण लेन्सचा बाक फोटोच्या मध्यापासून मोजतात. त्याच कारणाने आधीच कापलेला फोटोही चालत नाही.

खानापूर: माझे वडील गवंडी. भिंत फुगली की ते म्हणतात, 'भिंतीला पोट आलंय.' पाटीलाही पोटच आलंय की! 'पोट काढणे' म्हणा.

निपाणी (लग्नाचे फोटो): मी ग्रुप फोटोचं पोट काढलं, तर कडेच्या काकू आणखी रुंद झाल्या. त्यांना बारीक कसं करू?

टिळकवाडी: दादा, तो प्रश्न वेगळा. रेषा सरळ करताना कडेचा भाग बाहेर ताणला जातो. पाटीला सरळ रेषा हवी, चेहऱ्याला नको. काकूंचा फोटो आहे तसाच ठेवा.

आता मूळ प्रश्नावर. मला खटकतो तो 'उलट' हा शब्द, कारण त्यानेच मी फसलो होतो. ImageMagick या फोटोच्या प्रोग्रामात पोट काढायला मी हे वापरलं:

```
magick pati.jpg -distort Barrel "0 -0.03 0" saral.png
```

परत आणायला नावावरून `BarrelInverse` घेतलं, आकडे तेच. फोटो 4000 × 3000 चा. मध्याजवळ सगळं जुळलं, पण कडेच्या पाटीवर मजकूर सुमारे दहा पिक्सेल सरकला. ते सूत्र गुणण्याऐवजी भागतं, इतकंच. गेलेल्या वाटेने ते परत येत नाही. खरी वाट शोधायला तोच भागाकार पुन्हा पुन्हा करावा लागतो:

```
u = r
for _ in range(4):
    u = r / (-0.03*u*u + 1.03)
```

इथे `r` म्हणजे मूळ फोटोत मध्यापासूनचं अंतर, फोटोच्या लहान बाजूच्या निम्म्याने भागलेलं. `u` म्हणजे सरळ फोटोतलं तेच अंतर. पहिली फेरी म्हणजेच `BarrelInverse`. माझ्या आकड्यांना चौथ्या फेरीत चूक पिक्सेलच्या दहाव्या भागाहूनही कमी उरली. मग प्रत्येक ठिकाणचा हा `u` घेऊन `cv2.remap` ने फक्त मजकुराचा थर वाकवायचा आणि मूळ फोटोवर ठेवायचा. अख्खा फोटो दोनदा फिरवला तर विटांचे सांधेसुद्धा मऊ पडतात.

शहापूर: रात्री करून पाहिलं. आधी काहीही न बदलता फोटो सरळ केला, परत आणला आणि मूळ फोटोवर `Difference` मध्ये ठेवला, म्हणजे जिथे दोन्ही जुळतात तिथे काळं दिसतं. `BarrelInverse` ने पाटीच्या कडेला दुहेरी रेघ उमटली. चार फेऱ्यांनी जवळजवळ काळं झालं, अक्षरांच्या कडा तेवढ्या पुसट दिसल्या. मग फक्त कन्नड ओळीचा थर वाकवून ठेवला. आता शिरोरेषा पाटीच्या कडेला समांतर जाते.

खानापूर: कन्नडला शिरोरेषा कुठली? ती मराठी ओळीला.

शहापूर: बरोबर. कन्नड अक्षरांच्या डोक्यावरचे तलकट्टू म्हणायचं होतं. मग 'पोट काढणे' आणि 'माघारी नेणे' चालेल का? गेलो त्याच वाटेने परत, हा अर्थ 'माघारी'त आहे, 'उलट'मध्ये नाही.

निपाणी (निवृत्त शिक्षक): निमुळत्या इमारतीबद्दल माझं चुकलं, मान्य. पण माघारी माणसं जातात, गुरं जातात. मजकूर माघारी जातो हे कानाला पटत नाही. पुस्तकात 'पुनर्विरूपण'च हवं.

टिळकवाडी: पुस्तकात असू दे, सर. पण त्यातही 'पुन्हा' आहे, 'तेवढंच' नाही. पहिल्याहून कमी-जास्त वाकवलं तरी ते पुनर्विरूपणच ठरेल. 'तेवढंच' सांगणारा एखादा शब्द सुचतो का?