चर्चमधलं लग्न आणि हळदीचे धवले: मान मोजून वाटायचा का?

ऐरोलीची नवरी: मी आगरी, तो ठाण्याचा ईस्ट इंडियन कॅथलिक. दोन्हीकडचा मान सारखा राहावा म्हणून चर्चमध्ये एक वाचन बायबलमधलं, एक पसायदान आणि गाणी तीन-तीन असं ठरवलंय. बायबलमधून रूथचं ‘तुझे लोक ते माझे लोक’ मी स्वतः वाचणार. बरोबर आहे ना?

क्वायरवाली: नाही, आणि हे वाचून रागच आला. रूथची पुढची ओळ वाचलीस का? ‘तुझा देव तो माझा देव.’ हे ती विधवा सून सासूला म्हणते, नवऱ्याला नव्हे. तू ते वाचलंस की तुझ्या मामा-काकांना पोरगी धर्म सोडून चालली असंच ऐकू येणार. त्यापेक्षा करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय घे, चौथ्या ओवीपासून ‘प्रीती कधी अंतर देत नाही’ इथपर्यंत. तेवढ्या भागात देवाचं नावही येत नाही. फादरांकडे मराठीतच वाचायचं मागा. पसायदान मात्र शास्त्रवाचनाच्या जागी चालणार नाही, तिथे बायबलच लागतं. ते रिसेप्शनला म्हणा.

कोपरीकर: मुळात बाप्तिस्मा घेतल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागतच नाही. उगाच कशाला आशा लावता?

क्वायरवाली: लागतं. बिशपांची खास परवानगी काढावी लागते आणि बहुधा मिस्सा न ठेवता फक्त वाचनं आणि लग्नविधी होतो. परवानगी लागते एवढं खरं, पण धर्म बदलावा लागत नाही.

कोपरीकर: बरं, परवानगीचं मान्य. पण मग पसायदान रिसेप्शनला, जेवणाच्या ताटांच्या खणखणाटात? हा कसला सारखा मान?

घणसोलीची वहिनी: पसायदान राहू द्या, हळदीचं बोला! माझ्या हळदीला सासरच्यांनी धवलारीण बोलावली आणि दिराने डीजे. म्हातारी दोन धवले गाऊन गप्प बसली, तिचा आवाजच पोचेना. आमच्यात पूर्वी लग्न धवलारीणच लावायची. तिला तीन गाण्यांच्या यादीत कोंबू नका.

कळव्याचा पोरगा: वहिनी, डीजेशिवाय हळदीला कोण थांबतं? पोरं निघून जातात.

घणसोलीची वहिनी: जाऊ देत! नवरीला हळद लावायला पोरं लागत नाहीत.

क्वायरवाली: वहिनींचा राग मला पटला. ऐरोली, तुझ्या नवऱ्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात, वाजतगाजत विहिरीवर जातात, आणि त्यांच्या जुन्या बायकांची गाणी मराठीतलीच असतात. तुझी धवलारीण आणि त्याची आजी एकाच अंगणात बसव, माइक दोघींना, डीजे त्यांच्यानंतर. चर्चमध्ये तीन-तीनचा हिशोब ठेवलास तर तुझी तीन गाणी फादर काटतील, कारण तिथे भक्तिगीतंच चालतात.

कळव्याचा पोरगा: नंतर चालेल. पण दहाला स्पीकर बंद करायला लागतो, मग आम्हाला उरलं काय?

ऐरोलीची नवरी: रूथ काढते. पण आई म्हणते, चर्चमध्ये आपलं काहीच नसेल तर ती येणारच नाही. तिला काय सांगू?

कोपरीकर: तेच तर मी विचारत होतो.

क्वायरवाली: आईलाच वाचायला उभं करायचं का, ते फादरांना विचार. वाचकाबद्दल प्रत्येक पॅरिशचं वेगळं असतं, मी शब्द देत नाही. नाहीच जमलं तर चर्चच्या पायरीवर, आत जायच्या आधी, पसायदान आईने म्हणावं.