चोवीस तास थांबूनही खरेदी होतेच, काय बदलू?

सायली_म
गरज नसताना होणारी खरेदी आवरायची म्हणून मी आणि नवऱ्याने दोन गोष्टी ठरवल्या. मनात भरलेली वस्तू चोवीस तास थांबूनच घ्यायची आणि आठवड्यातून एकदा बसून खर्च बघायचा. वाणसामान, औषधं, बिलं यांना नियम नाही.

अडचण अशी, की मी वस्तू कार्टमध्ये टाकून वाट बघते. तेवढ्यात 'थोडेच नग शिल्लक', 'किंमत उतरली' असे मेसेज येतात. वेळ संपली की वाटतं, थांबले ना, आता घ्यायला हरकत नाही. आठवड्याच्या बैठकीत बँकेचं स्टेटमेंट वरून खाली वाचतो, 'हे कशाला घेतलंस?' इथे गाडी येते आणि विषय तापतो. मग पुढची बैठक टळते. जे हे नियमित करतात त्यांनी कृपया सांगा.

निखिल७
एवढा विचार कशाला? घेऊन टाकायचं, नाही आवडलं तर परत करायचं. परत करायची मुदत असतेच की.

वसुधाताई
निखिल, मुदत असते हे खरं, पण वस्तू घरात आली की ती आपली वाटू लागते आणि सोडवत नाही. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने १९८० मध्ये याला 'एंडोमेंट इफेक्ट' असं नाव दिलं. शिवाय परत पाठवायचं तर पुन्हा पॅकिंग करा, माणूस कधी येतो ते बघा. बरंचसं तसंच राहून जातं.

सायली, तुझं कार्टच तुझा नियम मोडतंय. कार्टमध्ये वस्तू ठेवली की दुकानदाराला तुला आठवण करून द्यायला निमित्त मिळतं. वस्तू तिथून काढ आणि वहीत लिही: काय, किती वाजता, तेव्हा काय करत होतीस आणि आत्ता त्या कामाला घरात काय वापरतेस. शेवटचा रकाना सोडू नकोस. माझ्या वहीत एकदा असं होतं: 'हेडफोन. रात्री उशिरा, झोप येत नव्हती. जुने आहेत, उजवीकडून आवाज कमी येतो.' दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचली आणि आधी जुन्यांची जाळी ब्रशने साफ केली. कचरा अडकला होता, आवाज नीट येऊ लागला. हेडफोन हवे होते असं वाटत होतं, पण अडचण आवाजाची होती.

दुसरं, चोवीस तास संपले म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नकोस. काहीच केलं नाही तर वस्तू आपोआप बाद. हवीच असेल तर दुकान पुन्हा उघडून, शोधून, कार्डाचा नंबर हाताने टाकून घ्यायची. त्यासाठी साठवलेलं कार्ड आधी काढून टाक.

प्रसाद_क
माझ्याकडे उलटा प्रकार आहे. मोठ्या वस्तूला मी महिना महिना थांबतो, पण बारीकसारीक गोष्टींना 'एवढ्याला काय थांबायचं' म्हणून नियमच लावत नाही, आणि महिनाअखेरीस त्यांचीच बेरीज मोठी निघते. हप्त्यावर फ्रीज घ्यावा का, हेही कोणी सांगेल का?

वसुधाताई
प्रसाद, फ्रीजसाठी वेगळा धागा काढा, तिथे हप्त्यांचं नीट बोलता येईल. बारीक खरेदीला प्रत्येक वेळी चोवीस तास लावले तर माणूस कंटाळून नियमच सोडतो. त्यासाठी आठवड्याची एक रक्कम बाजूला काढा. ती असेपर्यंत विचारू नका, संपली की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा.

आता बैठक. सायली, स्टेटमेंट वाचू नका, वही वाचा. आधी बाद झालेल्या वस्तू, मग घेतलेल्या, आणि शेवटी मागच्या महिन्यात घेतलेलं काय वापरात आहे. ज्याची वस्तू त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने 'कशाला' हा शब्द वापरायचा नाही. वीस मिनिटांत उठा. महिनाभरात एकाच वेळेला किंवा एकाच मूडमध्ये लिहिलेल्या ओळी दिसू लागतात. माझ्या बहुतेक रात्रीच्या होत्या, म्हणून फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवते.

अनघा_आर
वीस मिनिटं आमच्या घरी तरी पुरत नाहीत. आणि सवलत आज रात्रीच संपणार असेल तर काय? खरोखर लागणारी वस्तू महाग पडते ना?

वसुधाताई
वस्तू सवलत दिसण्याआधीच वहीत असेल तर मी लगेच घेते. नसेल तर सोडते. यात कधीतरी जास्त पैसे जातात, ते मी मान्य करते. वीस मिनिटं ही माझी सोय आहे, तुमची वेगळी असू शकेल.

सायली_म
कार्टमधलं सगळं आत्ता काढलं. वही दोघांची एकच ठेवू की वेगवेगळी? नवऱ्याचं म्हणणं, वेगळी असली तरच तो खरं लिहील. मला वाटतं, मग बैठकीत बोलायला काय उरणार? ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा.