उत्तरतालिकेतलं (ब) मला पटत नाही: पोर्तुगालने भारताची संमती विचारली होती का?

सेट_सोलापूर:
सराव संचातला प्रश्न. दोन देशांच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाला अधिकार कशामुळे मिळतो? (अ) संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वामुळे आपोआप (ब) पक्षांच्या संमतीने (क) सुरक्षा परिषदेच्या आदेशाने (ड) वरील सर्व. उत्तर दिलंय (ब). मग दादरा-नगर हवेलीला जायच्या वाटेसाठी पोर्तुगालने भरलेल्या खटल्यात भारताने सहा आक्षेप घेतले, नको नको म्हणत राहिला, तरी हेगला उभं राहावं लागलंच ना? याला संमती म्हणायचं? क्लासवाले नुसतं घोकून घेतात. माझ्या मते (अ).

मुलुंडचा_वकील:
मॅडम, नको कधी म्हटलं तेवढं बघा, सगळं त्यातच आहे. 28 फेब्रुवारी 1940 ला भारताच्या नावाने घोषणापत्र दिलेलं होतं की जो देश असंच घोषणापत्र देईल त्याच्याशी वाद झाला तर कोर्टाचा अधिकार आम्हाला मान्य. ते आधीच्या कोर्टासाठी होतं, पण नव्या कोर्टाच्या संविधीचं कलम 36(5) अशी मुदत न संपलेली घोषणापत्रं पुढे चालू ठेवतं. म्हणजे 1955 साली आपलं दार उघडंच होतं.
आता तारखा बघा. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 ला सदस्य झाला. 19 ला त्याने आपलं घोषणापत्र जमा केलं. 22 ला खटला दाखल. तुमचं (अ) बरोबर असतं तर 19 तारखेची गरजच काय होती? 14 लाच अर्ज टाकला असता की. सदस्य झालं की कोर्टाची संविधी लागू होते एवढंच, कुणी तुमच्यावर खटला भरू शकतो असं नाही.
भारताचं म्हणणं होतं की पोर्तुगालच्या घोषणापत्राची प्रत आमच्यापर्यंत यायच्या आतच खटला टाकला, हा डाव आहे. 1957 ला कोर्ट म्हणालं, कागद जमा झाला त्या दिवशी दोघांमधला बंध तयार झाला, प्रत पोचायची वाट बघायचं कारण नाही. आपण जानेवारी 1956 मध्ये घाईघाईने जुनं घोषणापत्र बदललं, पण तोवर खटला दाखल झालेला. एकदा दाखल झाला की नंतर संमती काढून घेऊन उपयोग नसतो.

सेट_सोलापूर:
1940 ला दिल्लीत कोण होतं? गोरे. त्यांनी दिलेली संमती आमच्या गळ्यात, आणि तुम्ही मला तारखा सांगताय.

मुलुंडचा_वकील:
गोऱ्यांनी दिली, पण 1947 नंतर आठ वर्षं आपल्याच सरकारने ठेवली. काढायला एक पत्र लागतं.

शनिवारपेठी:
गोऱ्यांचं सोडा हो. पोर्तुगीज कोर्टात काय घेऊन गेले माहीत आहे? पेशव्यांचा तह, 1779 चा! मराठ्यांनी त्यांचं जहाज पकडलं त्याची भरपाई म्हणून दमण परगण्यातला बारा हजार रुपयांचा महसूल लावून दिला, पुढे सनदा दिल्या, आणि हे लोक पावणेदोनशे वर्षांनी म्हणतात की आम्हाला सार्वभौमत्व दिलं. कोर्टाने तह खरा मानला पण सांगितलं की दिला तो फक्त महसूल. मराठ्यांनी मुलूख दिला नव्हता, हे लक्षात ठेवा.

कोल्हापूरी_ठसका:
वा, म्हणजे पेशवाईने घोळ घातला आणि निस्तरायला, पोर्तुगीजांना तिथून हुसकावायला, 1954 ची पोरं गेली. आणि बढाई कशाची, तर मुलूख नाही फक्त महसूल दिला. त्याच कोर्टाने हेही म्हटलं की पुढे ब्रिटिशांनी तिथलं पोर्तुगीज सार्वभौमत्व मान्य केलं. ते सोयीने विसरलात.

शनिवारपेठी:
प्रत्येक धाग्यात पेशवाई काढायची सवय जात नाही तुमची.

कोल्हापूरी_ठसका:
काढली कोणी? वर जाऊन स्वतःचीच कमेंट वाचा.

वापीवाला:
भांडा तुम्ही. माझे आजोबा सिल्वासाला होते तेव्हा, 1954 च्या पावसाळ्यात. सुधीर फडके पण त्या मोहिमेत होते, लोकांना फक्त गाणी माहीत. आजोबा सांगायचे की दमणहून कुमक येईल अशी धास्ती असायची, पण मधे भारताची जमीन आणि भारताने वाट अडवलेली, कुमक येणार कुठून? खटला त्याच वाटेचा होता. आणि शेवटी जिंकलो ना आपण, मग (अ) का (ब) याने काय फरक पडतो?

मुलुंडचा_वकील:
वापीवाले, निम्मंच जिंकलो. 1960 च्या निकालात पोर्तुगालच्या सामान्य माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला जायचा हक्क होता असं म्हटलंय. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता. आणि तिथली तणावाची परिस्थिती बघता भारताने वाट बंद केली हे हक्काविरुद्ध नाही, हे 9 विरुद्ध 6 मतांनी.

बँकपीडित:
मला हे वेगळं वाटत नाही. सहकारी बँकेच्या कर्जाच्या अर्जात मागच्या पानावर लवादाचं कलम होतं. सही मी केली, वाचलं कोणी? वाद झाला तेव्हा सांगितलं, कोर्टात नाही, आमच्याच लवादाकडे या. संमती संमती म्हणून नाचू नका, ताईंचं बरोबर आहे.

सेट_सोलापूर:
तेच म्हणतेय मी.

मुलुंडचा_वकील:
बँकेने तुम्हाला पान बदलू दिलं नसतं, देशाला बदलता येतं. 1974 च्या आपल्या घोषणापत्रात अट होती, समोरच्याने खटल्याआधी 12 महिन्यांच्या आत घोषणापत्र दिलं असेल तर आम्हाला मान्य नाही. हा थेट पोर्तुगालच्या तीन दिवसांवरचा इलाज.

पुणे_टू_हेग:
कुलभूषण जाधव विसरलात सगळे. पाकिस्तान शेवटपर्यंत नाही म्हणत होता, आणि तिथे घोषणापत्राचा विषयच निघाला नाही. म्हणजे माणसाच्या जिवाचा प्रश्न असला की संमती लागत नाही. (ब) तिथेच कोसळतं.

मुलुंडचा_वकील:
घोषणापत्राचा विषय निघाला नाही हे खरं, पण का नाही निघाला? कारण आपल्याच घोषणापत्रात राष्ट्रकुलातल्या देशांशी वाद वगळलेत. 1999 ला आपण पाकिस्तानचं अटलांटिक विमान पाडलं, ते हेगला गेले, आणि जून 2000 मध्ये आपण याच अटीवर सुटलो, 14 विरुद्ध 2. मे 2017 मध्ये जाधवांसाठी आपण घोषणापत्र दाखवलं असतं तर पाकिस्तानने तीच अट आपल्या तोंडावर मारली असती, कारण एकाची अट दुसऱ्यालाही वापरता येते. म्हणून वकिलातींच्या व्हिएन्ना कराराचा ऐच्छिक प्रोटोकॉल धरला, दोन्ही देश त्यात आहेत. संमती तिथे आहे, पण तेवढ्याच कराराच्या वादापुरती. म्हणूनच 2019 च्या निकालात भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्या आणि शिक्षेचा फेरविचार करा इथपर्यंतच कोर्ट गेलं. भारताने सुटका मागितली होती, ती मिळाली नाही.

पुणे_टू_हेग:
म्हणजे विमान पाडलं तेव्हा संमती नाही, आपला माणूस अडकला तेव्हा संमती आहे. सोयीचं आहे.

मुलुंडचा_वकील:
आहेच सोयीचं. कुठला देश गैरसोयीचं लिहून देईल?

सेट_सोलापूर:
ठीक आहे, पेपरात (ब) लिहीन, गुण सोडायचे नाहीत मला. पण समोरचा तीन दिवसांत कागद टाकून तुम्हाला कोर्टात उभं करू शकतो आणि तुम्ही आधीच हो म्हटलंय असं सांगतो, हे मला अजूनही पटलेलं नाही. 1957 ला पण सगळे न्यायाधीश एकमताचे नव्हते म्हणे.

मुलुंडचा_वकील:
नव्हते. छगलांचं मत मिळालं तर वाचा, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती, त्या खटल्यात आपले तात्पुरते न्यायाधीश. तुमच्या बाजूला सोबत मिळेल.

शनिवारपेठी:
आणि तहाचं कोणी मनावर घेणार नाही का? 1779 चा मूळ कागद कोणी वाचलाय इथे?

कोल्हापूरी_ठसका:
नवीन धागा काढा. मी येतोच तिकडे.